घरात माणूस गेला आणि लग्न तोंडावर आलंय: तारीख पुढे नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे २०१८ च्या उन्हाळ्यात हे घडलं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं खेडं, मुलाकडची बाजू आमची. लग्न मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मुलीकडच्यांनी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लॉन घेतलेला. आठ दिवस उरले असताना नवरदेवाचे आबाजी गेले. त्यानंतर भावकीत, सोयऱ्यांत असा प्रसंग आला की लोक मला फोन करतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

मयत झाली त्या दिवशी लग्नाच्या बाबतीत नेमकं काय करायचं?

दोनच कामं. पहिलं, घरातला एक माणूस या कामाला लावायचा, आणि तो गेलेल्या माणसाचा मुलगा नको. त्याला अग्नी द्यायचा असतो, दहा दिवस विधीत बसायचं असतं. तो "हो" म्हणाला तरी त्याच्याकडे फोन देऊ नका. जावई, नवरदेवाचा मामा, चुलत्याचा शिकलेला मुलगा यांपैकी कोणीही चालतो. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं, कारण मी मामा. सुतक मला नव्हतं.

दुसरं, व्याह्यांना फोन. तो मातीच्या आधी गेला पाहिजे, आणि घरातल्या मोठ्या माणसानं स्वतः करायला पाहिजे. मुलीच्या बापाला ही बातमी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून कळली, तर ती गोष्ट तो जन्मभर विसरत नाही. त्या फोनवर नवी तारीख काढू नका. एवढंच सांगा: "आबाजी गेले. ठरल्या तारखेला होणार नाही. सोयरीक पक्की आहे, तारखेचं तेरवीनंतर तुमच्याकडे येऊन बसू." सोयरीक पक्की आहे हे वाक्य तोंडानं म्हणायचं. आपल्याला ते गृहीत वाटतं, पण पलीकडे मुलीची आई त्या रात्री नेमकी त्याच विचारानं जागी असते.

तारीख पुढे ढकलायची की लग्न मोडलं असं सांगायचं? बुकिंग रद्द करायचं का?

रद्द हा शब्द पहिल्या दिवशी कोणालाच म्हणू नका. बिछायतवाला, लॉनवाला, आचारी या सगळ्यांना "थांबवलं आहे" एवढंच. तुम्ही रद्द म्हटलं की त्याच्या वहीत तुमचा व्यवहार संपतो आणि इसाराचं बोलणं तिथूनच वाकडं सुरू होतं. थांबवलं म्हटलं की तुम्ही त्याचं गिऱ्हाईकच राहता.

सुतक किती दिवसांचं? तेरवी झाली की लगेच लग्न करता येतं का?

रूढ पद्धतीत भावकीला दहा दिवस सुतक असतं आणि तेराव्या दिवशी तेरवी होऊन घर मोकळं होतं. लेकीच्या मुलांना, म्हणजे नवरीच्या आईचे वडील गेले तर नवरीला, ते तीन दिवसांचं धरतात. काही समाजांत हे सगळं तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशीच उरकतात. बौद्ध घरांत सुतक पाळत नाहीत. तिथे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की तारखेचा प्रश्न फक्त मनाचा आणि सोयीचा उरतो.

मात्र सुतक फिटणं वेगळं आणि ठरलेलं लग्न लागणं वेगळं. सोयरीक ठरल्यावर घरात मृत्यू झाला तर थांबायचा काळ जुन्या धर्मशास्त्रात नात्याप्रमाणे सांगितला आहे. वडिलांसाठी वर्ष, आईसाठी सहा महिने, भावासाठी दीड महिना आणि इतर भावकीसाठी एक महिना. त्यानंतर शांती करून लग्न लावावं, आणि अडचण असेल तर त्याआधीही, अशी वाट त्यातच ठेवलेली आहे. म्हणून एक भटजी "वर्षभर नाही" म्हणतो आणि दुसरा "तेरवीनंतर लावा" म्हणतो, तेव्हा दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसतो. तुमच्या घरचे जे भटजी तेरवी करणार आहेत त्यांनाच विचारा आणि तिथे थांबा. तीन भटजींना विचारलं की भावकीत तीन पक्ष पडतात.

देवक बसलं होतं, हळदही लागली होती. आता?

देवक बसवताना नांदीश्राद्ध झालेलं असेल तर त्या कार्यापुरतं सुतक लागत नाही, असं शास्त्र सांगतं. म्हणून घरात कोणी फार आजारी असेल तर जुनी माणसं देवक दोन दिवस आधीच बसवून घेतात. अशा वेळी लग्न वाजंत्रीशिवाय, चार माणसांत, ठरल्या मुहूर्तावर लावतात. आमच्याकडे हळद लागायला सहा दिवस होते, त्यामुळे तो रस्ता नव्हता.

एक सांगतो. शास्त्र परवानगी देतं म्हणून ओसरीत प्रेत असताना लग्न लावायलाच पाहिजे असं नाही. गेलेला माणूस नवरदेवाचा बाप असेल तर त्या पोराचं तोंड बघा आणि ठरवा.

नवी तारीख कशी काढायची?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोक फक्त पंचांग बघतात. खेड्यातल्या लग्नाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मुहूर्त, शेत आणि पाऊस.

आमचंच बघा. तेरवी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, १६ मे ते १३ जून. अधिक महिन्यात लग्न लागत नाही. म्हणजे तेरवी आणि अधिक यांच्यात आमच्या हाती जेमतेम चार-पाच दिवस. भावकीतले दोघे त्याच दिवसांत उरकून टाका म्हणत होते, कारण भाजीपाला सोडून सगळी तयारी झाली होती. पण तेरवीच्या पंगतीची भांडी घासून होत नाहीत तोवर लग्नाच्या पंगतीला बसायचं, हे आजीला सोसलं नसतं. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही. आम्हीच समजून घेतलं.

मग जूनचा शेवट आला. मुहूर्त होते. पण मृग ७-८ जूनला लागतं आणि पहिला बरा पाऊस पडला की विदर्भातला शेतकरी पेरणी सोडून कुठेही जात नाही. पराटी, तूर, सोयाबीन, सगळं त्याच पंधरवड्यात जमिनीत जायचं असतं. पाहुणा आला तरी त्याचा जीव वावरात. शिवाय लॉन उघडा, आणि त्यात पाऊस म्हणजे चिखल. मुलीच्या वडिलांनी हे स्वतःच बोलून दाखवलं, त्यामुळे आम्हाला ते बोलावं लागलं नाही.

जुलैच्या २३ ला आषाढी एकादशी आणि तिथून चातुर्मास. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच, नोव्हेंबरच्या शेवटी. तोवर सोयाबीन निघून विकलेलं असतं, कापसाचा पहिला वेचा घरात आलेला असतो आणि दोन्ही बाजूंना हात जरा सैल असतो. आबाजींना जाऊन सात महिने होत होते, तेव्हा शास्त्रालाही धक्का नाही. तोटा एकच. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांवर सगळा तालुका तुटून पडतो. म्हणून आम्ही पहिला मुहूर्त सोडला आणि डिसेंबरचा, तोही मधल्या वारी येणारा धरला. लॉन त्यामुळेच मिळाला. २०२६ मध्येही ज्येष्ठच अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्या उन्हाळ्यात हा प्रसंग आला तर हेच गणित समोर येईल.

तारीख पक्की करण्याआधी लॉनवाला, आचारी आणि बिछायतवाला या तिघांना विचारा, मग भटजींकडून त्यातला मुहूर्त निवडा. उलटं केलं तर मुहूर्त मिळतो आणि लॉन मिळत नाही.

पाहुण्यांना कसं कळवायचं? आम्ही सहाशे पत्रिका वाटल्या आहेत.

पत्रिका ज्या वाटेनं गेल्या त्याच वाटेनं निरोप जायला पाहिजे. पत्रिका वाटताना कोण कोणत्या गावाला गेलं होतं, त्याची यादी बहुतेक घरांत असते. ज्यानं ज्या गावाला वाटल्या, त्यानंच त्या गावाला फोन करायचा. आम्ही हे सहा जणांत वाटलं आणि एका दिवसात संपलं.

गावातल्या लोकांना वेगळं कळवावं लागत नाही, ते मातीलाच असतात. पण ज्या घरांना चूलबंद आवतन दिलं होतं त्यांचा विसर पडतो, विशेषतः शेजारच्या खेड्यातल्या. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटणार नाही. ते सगळं घर घेऊन निघतात. अशा एका घरचे सात जण आमच्याकडून राहून गेले, आणि ते भर उन्हात लॉनच्या बंद गेटपाशी येऊन उभे राहिले. लॉनच्या चौकीदारानं मला फोन केला. मी त्यांची माफी मागायला दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तर उलट त्यांनीच मला जेवू घातलं.

तेव्हापासून मी ठरल्या दिवशी जुन्या जागेवर एक माणूस, पाण्याच्या दोन कॅन आणि चिवड्याचं पोतं ठेवायला सांगतो. कोणी ना कोणी येतंच.

मेसेज कसा लिहायचा?

छोटा लिहा, आणि गेलेल्या माणसाचं नाव आधी, लग्नाचं नंतर. आम्ही पाठवलेला साधारण असा होता:

"आमचे आबाजी दि. … रोजी आम्हाला सोडून गेले. त्यामुळे चि. … व चि. सौ. कां. … यांचा दि. … रोजी … येथे होणारा विवाह पुढे ढकलला आहे. तेरवी दि. … रोजी राहत्या घरी आहे. विवाहाची नवी तारीख आम्ही स्वतः येऊन कळवू. आपली तारांबळ झाली असेल तर क्षमा असावी. चौकशीसाठी … यांना फोन करावा."

यात जुनी तारीख आणि जुनी जागा दोन्ही हवीत. "लग्न पुढे ढकललं आहे" एवढंच लिहिलं की एका महिन्यात तीन लग्नांचं आवतन असलेला माणूस गोंधळतो. फोन नंबर त्या नेमलेल्या माणसाचा द्या, नवरदेवाच्या बापाचा नको. आणि लग्नाच्या पत्रिकेच्या फोटोवर लाल फुली मारून पाठवू नका. मुलीच्या घरी ते फार वाईट दिसतं.

पाहुणे फोनवर विचारतात, "मग आता लग्न कधी?" काय सांगायचं?

"तेरवी होऊ द्या" एवढं पुरतं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा खोडी काढायची नसते. त्याला रजा टाकायची असते, पुण्याहून तिकीट काढायचं असतं. ज्यांनी रेल्वेचं तिकीट काढलं आहे त्यांना मात्र सगळ्यात आधी फोन करा. तिकीट जितकं लवकर रद्द होईल तितके पैसे जास्त परत येतात. आम्ही शहरातल्या अशा अकरा घरांना मातीहून आल्याबरोबर फोन केले, गावच्या यादीला हात लावायच्या आधी.

इसार परत मिळतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारताना लोकांचा आवाज खाली जातो, जणू मयताच्या घरात पैशाचं बोलणं पाप आहे. पाप नाही. पण बोलायची वेळ असते, आणि कोणाचं काय नुकसान झालं हे समजून बोलावं लागतं.

प्रत्येकाचं नुकसान वेगळ्या दिवशी सुरू होतं. बँडवाल्याला आठ दिवस आधी कळलं तर मे महिन्यात त्याला दुसरी वरात मिळतेच. आचाऱ्याचा स्वतःचा माल काही नसतो, किराणा आपलाच असतो. पण त्यानं पोळ्या लाटायला ज्या बाया सांगून ठेवलेल्या असतात, त्यांनी त्या दिवसाचं दुसरं काम सोडलेलं असतं. बिछायतवाल्याची भांडी आणि खुर्च्या गोदामातच असतात, गाडीत भरेपर्यंत त्याचं काही जात नाही. लॉनवाल्याचं मात्र खरोखर जातं, कारण आठ दिवसांत त्याला त्या तारखेला दुसरं लग्न मिळत नाही. म्हणून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "भाऊ, आमच्यामुळे तुमचं आजवर काय खर्चलं?" मी तो फोनवर विचारला नाही, तिसऱ्या दिवसानंतर एकेकाकडे जाऊन विचारला. आचारी म्हणाला, "तेरवी होऊ द्या, मंग बोलू. तुमी पैशाची काळजी नोका करू." त्यानं तेरवीचा स्वयंपाकही केला.

कायद्याचं विचाराल तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, आणि ती चिठ्ठीत लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. "इसार परत मिळणार नाही" असं पावतीवर छापलं म्हणून कितीही मोठी रक्कम गिळता येते असं नाही. पण हे वाक्य खिशात ठेवा, तोंडावर आणू नका. तालुक्यात लॉन दोन-तीनच असतात, आणि तुम्हाला सहा महिन्यांनी त्याच गेटमधून वरात न्यायची असते.

पावती नसेल, आणि खेड्यात ती बहुतेक नसतेच, तर नवी तारीख ठरली की फोनवरून एक मेसेज टाका: जुना इसार इतका, तो अमुक तारखेला धरला, वर इतके द्यायचे. त्याचं "ओके" आलं की झालं. सहा महिन्यांत माणूस विसरतो, आणि लॉनचा मॅनेजर बदलतो.

तुमचा हिशेब शेवटी किती झाला?

मुलीकडच्यांनी एकूण ३६,००० इसार दिला होता. लॉन १५,०००, बिछायत ८,०००, आचारी ५,०००, फोटोवाला ५,००० आणि बँड ३,०००. लॉनवाल्यानं १५,००० नव्या तारखेला धरले, पण ५,००० जास्तीचे घेतले. मला ते वाजवी वाटले. बिछायत आणि बँड जसेच्या तसे पुढे गेले. आचाऱ्यानं काही मागितलं नाही. आम्ही त्याच्या हातात पोळ्यांच्या बायांसाठी २,००० दिले. फोटोवाल्याला डिसेंबरची ती तारीख मोकळी नव्हती, त्यानं ३,००० परत केले आणि २,००० ठेवले. नव्या पत्रिकांना १,५०० लागले. म्हणजे खरा तोटा १०,५०० रुपये.

किराणा आम्ही तेरवीच्या आधी परत नेला. न फोडलेलं साखरेचं आणि तांदळाचं पोतं, तेलाचे सीलबंद डबे दुकानदारानं घेतले. फोडलेलं बेसन आणि तूरडाळ तेरवीला लागली. भाजीपाला आदल्या संध्याकाळी येतो, त्यामुळे तो घेतलेलाच नव्हता.

मयत मुलाकडे झाली आणि इसार मुलीकडच्यांचा बुडाला. तो कोणी भरायचा?

हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडतात, आणि तिथेच सोयरिकीला पहिली चीर जाते. माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या घरी प्रसंग घडला त्यानं आधी विचारावं. मुलीचा बाप कधीच मागणार नाही. मागितलं तर लोक म्हणतील की मयताच्या घरी हिशेब घेऊन गेला.

तेरवीनंतर आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो. सुरुवातीला त्यांनी सांत्वनाचंच बोलणं केलं. चहा झाल्यावर मी १०,५०० चा कागद पुढे ठेवला आणि हे सगळे आमच्याकडचे असं म्हटलं. ते घेईनात. शेवटी निम्मे ठरले, ५,२५०. ते पैसे आम्ही पाकिटात घालून दिले नाहीत, नव्या तारखेच्या लॉनचे म्हणून थेट लॉनवाल्याला भरले. त्यांना हातात घ्यायला लागले नाहीत.

लोक म्हणतात नवरीचा पायगुण वाईट. यावर काय बोलायचं?

हे बोलणं तेरवीच्या आधीच, बहुतेक मातीहून परतताना सुरू होतं. आबाजी ८४ वर्षांचे होते, दोन महिन्यांपासून अंथरुणाला होते, तरीही झालं. नवरदेवाच्या आत्यानं ते ओसरीत ऐकलं आणि तिथेच म्हणाली, "लग्न लवकर धरा म्हणून आबाजीच मागे लागले होते. पोरीला बोल लावाल तर त्यांनाच लावाल." पुन्हा कोणी बोललं नाही.

हे घरातल्या बाईनंच तोडावं लागतं. पुरुषांनी कितीही समजावलं तरी ते बोलणं स्वयंपाकघरात जाऊन सुरूच राहतं. आणि नवरदेवानं त्या दिवसांत मुलीला रोज एक फोन करावा. तेव्हा आमच्याकडे काहींना हे आवडलं नाही, पण मुलीपर्यंत ते बोलणं पोहोचलंच होतं, आणि तिला त्याच्याच तोंडून काहीतरी ऐकायचं होतं.

नोंदणी पद्धतीनं लग्न होतं, नोटीस दिली आहे. ती चालेल का?

विशेष विवाह कायद्याखालची नोटीस दिल्या तारखेपासून तीन महिनेच चालते. लग्न त्यापुढे गेलं तर नवी नोटीस आणि पुन्हा तीस दिवस.

एसटी आणि डीजेच्या परवानगीचं काय?

वरातीसाठी प्रासंगिक कराराची एसटी भरली असेल तर पावती घेऊन लवकरात लवकर डेपोत जा, कपात किती ते तिथेच कळतं. लाऊडस्पीकरची पोलीस परवानगी त्या तारखेपुरती असते, ती नव्यानं काढावी लागते.

नव्या पत्रिकेत आबाजींचं नाव कुठे घालायचं? आणि वाजंत्री लावायची का?

नवरदेवाच्या नावापुढे "कै. … यांचे नातू" असं घातलं. जुन्या पत्रिकेत ते निमंत्रक होते, तिथे आजीचं नाव आलं.

वाजंत्रीवरून घरात दोन मतं होती. सात महिने झाले होते, बँडवाल्याचा इसार तसाच होता, मुलीकडच्यांची हौस होती. आम्ही आजीला विचारलं. ती म्हणाली, "वाजवा, पण आपल्या दारातून निघताना नको." वरात वेशीपर्यंत मुकाट गेली आणि मारुतीच्या देवळापासून बँड लागला.